बाबा, फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर काय होतं?

बाबा, पहिलं उत्तर आधीच देतो. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलात तर चालेल. बॅटरी फुगत नाही, फुटत नाही, "जास्त भरून" खराबही होत नाही. पण फोन उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही, आणि यात सूट नाही. या दोन वाक्यांमागचं कारण खाली लिहिलं आहे. कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा.

रात्रभर बॅटरीत काय चालतं

तुमच्या सॅमसंगची बॅटरी ५००० mAh ची आहे आणि चार्जर २५ वॉटचा. २० टक्क्यांवरून लावलात की साधारण दीड तासात १०० होतात. सुरुवातीला वीज वेगाने आत जाते, ८० च्या पुढे फोन स्वतःच वेग कमी करतो. म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. चार्जर बिघडलेला नसतो.

१०० झाले की फोनमधली चिप बॅटरीत वीज सोडणं बंद करते. चार्जर भिंतीला लागलेला असला तरी. टाकीतल्या बॉलकॉकसारखंच आहे हे: पाणी वर आलं की नळ आपोआप मिटतो. पातळी थोडी खाली गेली की पुन्हा थोडं भरतं, इतकंच.

मग रात्रभर लावण्यात काहीच तोटा नाही का? थोडा आहे. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास राहणं मानवत नाही, आणि त्यात ती गरम असेल तर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे दोन-तीन वर्षांनी एका चार्जमध्ये फोन आधीइतका टिकत नाही. धोका मात्र यात नाही. आणि हा तोटाही टाळता येतो.

एकदाच करायची सेटिंग

१. `Settings` उघडा.
२. खाली जाऊन `Battery` वर बोट टेका.
३. `Battery protection` उघडा आणि ते चालू करा.
४. `Adaptive` निवडा.

यानंतर तुम्ही झोपलेले असताना फोन ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुमच्या उठण्याच्या सुमारास उरलेलं भरतो. तुमच्या झोपेची वेळ तो वापरावरून शिकतो, म्हणून पहिले काही दिवस गडबड वाटेल. तिथेच `Maximum` हा पर्याय दिसेल, त्यात फोन ८० च्या वर जातच नाही. तो तुम्ही घेऊ नका. दवाखान्यात किंवा एसटीत तुम्हाला पूर्ण भरलेला फोन हवा असतो. आईच्या फोनमध्ये नावं वेगळी असतील, पण बॅटरीच्या पानावर असा पर्याय बहुतेक सापडतो.

खरा शत्रू उष्णता

अकोल्याचा उन्हाळा म्हणून हे नीट वाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. चार्जिंगमध्ये फोन स्वतःही तापतो. म्हणून:

फोन उशीखाली, गादीवर, गोधडीत किंवा मच्छरदाणीच्या कोपऱ्यात ठेवून चार्ज करू नका. कापसात उष्णता कोंडते. केबल किंवा बॅटरी सदोष असली तर तिथेच कापड पेट घेऊ शकतं. जागा ठरवून टाका: खाटेपासून हातभर लांबचं लाकडी टेबल. फोन उताणा ठेवा, वर रुमाल नको.

उन्हाळ्यात जाड कव्हर काढून चार्ज करा. खिडकीच्या उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हाताला चटका बसेल इतका फोन तापला तर केबल काढा आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये कधीही ठेवायचा नाही, आत दमट होऊन सर्किट बिघडतं.

कुलरजवळच्या टेबलावर मात्र नको. कुलरच्या पाण्याचे तुषार आणि चार्जिंगचं छिद्र यांचं जमत नाही. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं तर केबल काढा, फोन छिद्राची बाजू खाली धरून हलकेच झटका आणि काही तास तसाच वाळू द्या. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. तांदळाचा भुसा छिद्रात अडकतो.

जुन्या समजुती

"पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये." हे जुन्या निकेल बॅटऱ्यांना लागू होतं. कॉर्डलेस फोनमध्ये असायच्या तशा. लिथियमला शून्यावर जाणंच जास्त जाचक. ३० च्या आसपास आलं की लावा, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लावलं तरी चालतं. दोनदा अर्धं-अर्धं भरलं म्हणजे बॅटरीच्या हिशेबात एकदाच पूर्ण भरलं.

"नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा." आता गरज नाही.

"फास्ट चार्जरने बॅटरी जळते." फोन आणि चार्जर आधी आपसात ठरवतात किती वीज घ्यायची, आणि फोन पेलेल तेवढीच घेतो. पण कारण नसताना घाई नको. रात्री कमी वॉटचा साधा चार्जर वापरलात तर फोन कमी तापतो, म्हणून जुना १५ वॉटचा रात्रीसाठी ठेवला तर उत्तमच.

"दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालत नाही." चांगला असेल तर चालतो. अंगावर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नंबर आहे का बघा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. बसस्टँडबाहेरचा शंभर रुपयांचा बिनचिन्हाचा चार्जर घेऊ नका. घरगुती २३० व्होल्ट फोनपासून दूर ठेवणं हे चार्जरचं मुख्य काम, आणि स्वस्तात नेमकी तिथेच काटकसर केलेली असते.

"चार्जिंगमध्ये बोललं की शॉक बसतो." चांगल्या चार्जरवर बसत नाही. तरी ओल्या हाताने केबल धरू नका, आणि विजा कडाडत असल्या तर प्लग काढून ठेवा.

"वीजबिल वाढतं." ५००० mAh म्हणजे सुमारे १९ वॉट-तास, गळती धरून पंचवीस. एका युनिटमध्ये अशी जवळजवळ चाळीस वेळा फोन भरतो. बटन बंद करायची सवय मात्र ठेवा. बिलासाठी नव्हे, व्होल्टेज वरखाली होतं म्हणून.

सॉकेट, केबल, छिद्र

सैल सॉकेटमध्ये पिन हलते, ठिणगी पडते, प्लास्टिक पिवळं पडतं. खाटेजवळच्या बोर्डाचं तेच झालं आहे, ते इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या आणि तोवर दुसऱ्या खोलीत चार्ज करा. फोनचा चार्जर आणि इस्त्री एकाच मल्टीप्लगवर नको. केबल मानेशी चिरली, तारा दिसल्या की फेकून द्या, चिकटपट्टी लावू नका.

केबल लावूनही चार्जिंग होत नसेल तर बहुतेकदा छिद्रात खिशातले धागे अडकलेले असतात. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने हलकेच कोपऱ्यातून काढा. टाचणी किंवा सुई नको, आतल्या पिना वाकतात.

लगेच थांबायचं केव्हा

मागचं झाकण वर उचललेलं दिसलं, स्क्रीन एका कोपऱ्यात सुटली, गोडसर रासायनिक वास आला किंवा फोन टेबलावर सपाट बसत नसला, तर बॅटरी फुगली आहे. केबल काढा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. फरशीवर कापड-कागदापासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. धूर निघाला तर फोनला हात न लावता खोलीबाहेर या, दार ओढून घ्या आणि १०१ वर फोन करा, आईच्या फोनवरून.

रात्री नऊला बातम्या झाल्यावर टेबलावर चार्जिंगला लावा, सकाळी फिरायला जाताना काढा. लाईट जाणार असल्याचा मेसेज आला तर संध्याकाळीच भरून ठेवा. फोन ३० च्या खाली असताना घराबाहेर पडू नका. बॅटरी पैसे देऊन बदलता येते. फोन बंद पडलेला असताना तुम्ही आम्हाला सापडत नाही.