सरावपत्रिका: बहुभुजाकृतीच्या कोनांची बेरीज

इयत्ता आठवी. वेळ 40 मिनिटे. उत्तरं वहीत, पायऱ्यांसह.

आधी एवढं करा. वहीत कोणताही बहिर्वक्र षटकोन काढा. एकाच शिरोबिंदूतून सगळे कर्ण काढले की 4 त्रिकोण होतात, म्हणून आंतरकोनांची बेरीज 4 × 180° = 720°. बाजू n असतील तर:

(n − 2) × 180°

मागच्या चाचणीत काहींनी मधोमध ठिपका घेऊन 6 त्रिकोण केले आणि 1080° लिहून मोकळे झाले. ठिपका चालेल, पण त्याच्याभोवतीचे 360° आपल्या षटकोनाचे नाहीत, ते वजा करायला हवेत.

बाह्यकोन. मैदानावर फक्कीने आखलेल्या षटकोनावरून चाला. प्रत्येक कोपऱ्यावर जेवढं वळता तो बाह्यकोन. फेरी पूर्ण झाल्यावर तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला, म्हणजे एकूण 360°. बाजू कितीही असोत! फक्त प्रत्येक शिरोबिंदूपाशी एकच बाह्यकोन धरायचा.

सुसम आकृतींची झटपट रीत. आधी बाह्यकोन काढा (360° ÷ n), मग तो 180° मधून वजा करा.

| बाजू | बाह्यकोन | आंतरकोन |
|---|---|---|
| 3 | 120° | 60° |
| 4 | 90° | 90° |
| 5 | 72° | 108° |
| 6 | 60° | 120° |
| 8 | 45° | 135° |

बाजू वाढली की बेरीज दर वेळी 180° नेच वाढते, पण एकेक आंतरकोन आधी 30° ने, मग 18° ने, मग 12° ने. का, ते शेजाऱ्याला समजावून सांगा.

उदाहरणे

1. चौकोनाचे तीन कोन 70°, 95°, 110°. चौथा?
2. पंचकोनाचे कोन x, x + 10°, x + 20°, x + 30°, x + 40°. सर्वांत मोठा कोन किती?
3. आंतरकोनांची बेरीज 1440°. बाजू किती?
4. बहिर्वक्र पंचकोनाचे चार बाह्यकोन 60°, 75°, 80°, 65°. पाचव्या शिरोबिंदूपाशी आंतरकोन किती? (प्रश्न नीट वाचा.)
5. सुसम बहुभुजाकृतीचा आंतरकोन 156°. बाजू किती?
6. सुसम आकृतीचा आंतरकोन बाह्यकोनाच्या 5 पट आहे. बाजू किती? मग 20 रुपयांच्या नाण्याच्या कडा मोजा.
7. घरात जुनं 11 कडांचं 2 रुपयांचं नाणं असेल तर आणा. नसलं तरी त्याचा आंतरकोन अपूर्णांकात काढा.
8. आंतरकोन 130° असलेली सुसम आकृती निघेल का?
9. सुसम अष्टकोनी फरश्या कडेला कड लावून बसवल्या, तर मधल्या फटीत कोणता आकार लागेल? सुसम पंचकोनी फरश्या फट न ठेवता का बसत नाहीत?

उत्तरे (सोडवून झाल्यावरच!)
1) 85° 2) 128° 3) 10 4) 100° 5) 15 6) 12 7) 147 3⁄11° 8) नाही, 360 ÷ 50 पूर्णांक येत नाही 9) चौरस, कारण 135° + 135° + 90° = 360°; तीन पंचकोनांचे 324° होतात, 36° ची फट उरते आणि चौथा मावत नाही