गुरुजींना पत्र

परमपूज्य गुरुजींच्या चरणी सादर साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या साधनेत व्यत्यय आणणारे हे पत्र लिहिताना संकोच वाटतो. दोन वेळा लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा फाडून टाकले, कारण घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, असेच आम्हाला लहानपणापासून सांगितलेले आहे. पण आता माझी मती चालत नाही.

तीर्थरूप वडिलांना जाऊन दहा महिने झाले. त्यांनी स्वकमाईतून बांधलेल्या घराचे मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे कायद्याने आई आणि आम्ही तिघे भावंडे असे चौघेही समान वारस आहोत. धाकट्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, असा ज्येष्ठ बंधूंचा आग्रह आहे आणि तिने नकार दिल्यापासून दोघांचे बोलणे बंद आहे. बंधूंना मी लोभी म्हणणार नाही. वडिलांच्या आजारपणात रात्र रात्र जागले ते तेच, आणि दुरुस्तीचा खर्चही बव्हंशी त्यांनीच सोसला. बहिणीलाही पैशाचा हव्यास नाही. ‘मला न विचारता मसुदा तयार कसा झाला?’ एवढेच तिचे म्हणणे आहे. तो मसुदा अजून बैठकीच्या मेजावर तसाच पडून आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून आईने त्यावर वडिलांच्या चष्म्याचे घर ठेवले आहे. ती रोज ते उचलून खालची धूळ पुसते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवते. बोलत मात्र काहीच नाही.

आता जे लिहितो, ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी वडील मला एकट्याला म्हणाले होते, ‘धाकटीला या घरातून वजा करू नका.’ मी मान डोलावली आणि नंतर गप्प राहिलो. बंधूंना दुःख होईल म्हणून गप्प राहिलो, असे मी स्वतःला समजावत आलो. परंतु तिने सही केली तर माझाही वाटा वाढतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. माझ्या मौनात संयम किती आणि स्वार्थ किती, हे माझे मलाच वेगळे करता येत नाही.

कोणाची बाजू खरी, हा निवाडा मी आपल्याकडे मागत नाही; ती माझी पात्रताही नाही. वडिलांचे ते शब्द आता सांगितले, तर इतके दिवस का लपवलेस, असे बंधू विचारतील आणि तो प्रश्न रास्तच असेल. ते आधी त्यांना एकांतात सांगावे, की आईसमोर सर्वांना एकत्र बसवून, एवढेच मार्गदर्शन आपण करावे. आपण कान धरलात, तरी तो मला प्रसादच आहे.

एक नम्र विनंती आहे. बंधूही आपल्या दर्शनास येतात; त्यांच्याजवळ या पत्राचा उल्लेख होऊ नये. लेखी उत्तराची तसदी घेऊ नये. पुढच्या गुरुवारी सर्व मंडळी निघून गेल्यावर मी मागे थांबेन, तेव्हा आपली आज्ञा झाली तर जवळ येईन.

लेखनात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी.

आपला आज्ञांकित