दत्तात्रय शेळके: फ्लीट सुपरवायझर पदासाठी रेझ्युमे

मुक्काम: चाकण, ता. खेड, जि. पुणे
सध्याचे काम: लीड ड्रायव्हर, कंटेनर ट्रेलर (४० फुटी)
संपर्क क्रमांक अर्जाच्या पाकिटावर दिला आहे.

थोडक्यात
जड वाहनाचा अनुभव २०१२ पासून. २०२१ पासून गाडी चालवण्यासोबत १२ ट्रेलर व १५ ड्रायव्हर यांचे ड्युटी चार्ट, कागदपत्रे आणि रस्त्यावरचे बिघाड सांभाळतो. आता पूर्णवेळ फ्लीटचे काम हवे आहे. रात्रपाळी चालेल.

लायसन्स
- हलके वाहन २००९, जड मालवाहू २०१२. ट्रान्सपोर्टची मुदत २०२९ पर्यंत (नूतनीकरण दर ५ वर्षांनी).
- घातक माल वाहतुकीची नोंद लायसन्सवर आहे, मुदत २०२७. पहिले ३ दिवसांचे प्रशिक्षण शासनमान्य संस्थेत. नूतनीकरणाआधी १ दिवसाची उजळणी लागते.
- मूळ लायसन्स व 'सारथी'वरील नोंद मुलाखतीत दाखवीन.

सुरक्षिततेची नोंद
माझ्या हातून जखमी किंवा मृत्यू झालेला अपघात नाही. विम्याचा एक दावा आहे, २०१८ चा: थांबलेल्या ट्रेलरला मागून टेम्पोची धडक, मागील बंपर व दिवे. पंचनाम्यात चूक टेम्पोची नोंदली आहे. प्रत सोबत जोडली आहे. वेगमर्यादेचे ई-चलान थकीत नाही.

घाटासाठी टीमला घालून दिलेला नियम: उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा आणि फूटब्रेक सलग दाबून ठेवायचा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणे हे अपघाताचे मोठे कारण आहे: इंजिनाचा ब्रेक जातो, लायनर तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. न्यूट्रलची सवय जीपीएसच्या वेगावरून व डिझेलच्या हिशोबावरून पकडता येते, म्हणून डिझेल बचतीचा इनाम उताराच्या टप्प्यासाठी बंद करवून घेतला.

निघण्याआधीची तपासणी १५ मिनिटांत: हवेचा दाब व गळती, चारही ट्विस्ट लॉक, फिफ्थ व्हीलचा जबडा पूर्ण मिटला का, टायरमधील दगड व कापलेल्या कडा, अ‍ॅडब्लू, मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या. ट्रेलरची केबल सैल असली की मागचे दिवे खड्ड्यात बसलेल्या धक्क्याने विझतात; रात्री हीच चूक महागात पडते.

मार्ग
- चाकण, तळेगाव – न्हावा शेवा: निर्यात व आयात कंटेनर. फॉर्म १३, सील क्रमांक, गेटची कटऑफ वेळ.
- पुणे – सातारा – कोल्हापूर – बेळगाव – हुबळी – बेंगळुरू: वाहनांचे सुटे भाग. खंबाटकी घाट, कर्नाटक हद्दीवरील तपासणी.
- भिवंडी – नाशिक, कसारा घाटमार्गे. या मार्गावर फेऱ्या कमी केल्या आहेत.

टीमचे काम
ड्युटी चार्ट दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा कायदा धरून लावतो. बंदराची रांग लांबली तर ड्रायव्हरचे तास रांगेतच संपतात, म्हणून परतीला दुसरा ड्रायव्हर कळंबोलीला तयार ठेवतो. भत्त्यापेक्षा जास्त भांडणे 'लांबची ट्रिप कोणाला' यावरून होतात. त्यासाठी क्रमवार यादी भिंतीवर लावली आहे आणि तिच्यात बदल करायचा असेल तर कारण लिहून सही घेतो.

ई-वे बिलाची मुदत २०० किमीला १ दिवस. बेंगळुरूसाठी ती पुरते. बंदराच्या फेरीत मात्र एका दिवसाचे बिल रांगेतच संपते. मुदतवाढ बिलाची मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच मिळते, त्यामुळे रोज सायंकाळी बिले पाहतो. बिघाडात गाडी बदलली तर भाग 'ब'मध्ये नवा क्रमांक टाकल्याशिवाय माल हलवू देत नाही.

पीओडी उशिरा येणे ही जुनी डोकेदुखी आहे. सहीची बिल्टी उतरवण्याच्या जागेवरच फोटो काढून पाठवायची आणि मूळ प्रत परतीच्या गाडीत द्यायची, असा नियम केला. फोटोत शिक्का व कमी-जास्त मालाचा शेरा दिसलाच पाहिजे, नाहीतर पार्टी डेबिट नोट काढते.

फिटनेस, पीयूसी, विमा, परमिट यांची एक्सेल यादी ठेवतो. ३० दिवस आधी लाल खूण. टॅली येत नाही.

नोकरी
२०२१ पासून: लीड ड्रायव्हर, चाकणमधील कंटेनर वाहतूकदार
२०१६–२०२१: ट्रेलर ड्रायव्हर, न्हावा शेवा मार्ग
२०१२–२०१६: दहाचाकी ट्रक ड्रायव्हर, पुणे–बेंगळुरू

शिक्षण व भाषा
बारावी (वाणिज्य). मराठी, हिंदी, कन्नड कामापुरती, इंग्रजी वाचता येते.

इतर
अपेक्षित पगार मुलाखतीत बोलू. नोटीस ३० दिवसांची. आधीच्या दोन्ही मालकांची शिफारसपत्रे सोबत आहेत. सध्याच्या मालकाशी संपर्क कृपया नियुक्तीपत्रानंतरच करावा.