धर्म-अभ्यास सिलॅबसमध्ये धर्माबाहेरच्या जीवनदृष्टी : बदलाचा प्रस्ताव

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षीच्या सिलॅबसचा मसुदा सोबत जोडलाय. सविस्तर बोलायचं आहे ते एकाच बदलाबद्दल, पहिल्या वर्षाच्या परिचय पेपरमध्ये धर्म न मानणाऱ्यांच्या जीवनदृष्टी आणि मानवतावाद यांना नीट जागा द्यावी असं मला वाटतं.

मागच्या सेमिस्टरच्या फील्डवर्कवेळी एका विद्यार्थिनीने आजोबांच्या अंत्यविधीवर लिहायचं ठरवलं होतं. आजोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कुठलाही धार्मिक विधी नको, म्हणून घरच्यांनी त्यांच्या आठवणी सांगितल्या, त्यांची पत्रं वाचली आणि मग सगळे बराच वेळ नुसते गप्प बसून राहिले. तिने अतिशय सुंदर टिपण आणलं, पण आपल्या फॉर्मवर पहिलाच रकाना "धर्म / पंथ" असा आणि दुसरा "प्रार्थनास्थळ", तिने दोन्हीकडे रेघ मारली आणि मला विचारलं, मॅडम, हे चालेल ना? चालेल म्हटलं मी, पण मार्किंग स्कीममध्ये ते कुठेच बसेना आणि तिला कमी मार्क पडले. हे मला अजून खातंय. तो फॉर्म मीच बनवलेला होता.

सध्या आपण नास्तिकता शिकवतो ती शेवटच्या आठवड्यात, "धर्माची चिकित्सा" या एका लेक्चरात, म्हणजे आधी सगळे धर्म आणि मग त्यांच्यावर टीका करणारे लोक. यातून मुलांच्या डोक्यात बसतं की धर्म नसणं म्हणजे नुसता नकार, पण मरणाला कसं सामोरं जायचं, चांगलं वागायचं ते कशाच्या आधारावर, दुःखात कोणाकडे बघायचं, हे प्रश्न धर्म न मानणाऱ्यांनाही पडतातच की आणि त्यांनी त्यांची उत्तरंही शोधलीत. एपिक्युरसने इ.स.पू. ४थ्या-३ऱ्या शतकात मृत्यूच्या भीतीवर जे मांडलं ते निव्वळ टीका नव्हती, ती जगायची रीत होती.

चार्वाकांसाठी मी अख्खा आठवडा ठेवलाय आणि त्याबद्दल मी आग्रही आहे. त्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास हाती नाहीत, त्यांचं म्हणणं आपल्याला मुख्यतः विरोधकांकडून कळतं, १४व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रह'चं पहिलंच प्रकरण चार्वाकांवर आहे पण लिहिणारे माधवाचार्य वेदान्ती. वर्गात ते प्रकरण हातात देऊन एवढंच विचारायचं की हे कोण सांगतंय, आणि मग यातलं चार्वाकांचं किती असेल? या एका तासात मुलं स्रोत वाचायला शिकतील, आणि ते कौशल्य त्यांना प्रत्येक धर्माच्या पेपरला लागतं.

पुढच्या आठवड्यात आधुनिक मानवतावाद. हक्सलींनी १८६९ मध्ये 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द घडवला तिथून सुरुवात, मग १९३३ चा ह्यूमॅनिस्ट मॅनिफेस्टो, एम. एन. रॉय यांचा नवमानवतावाद आणि १९५२ चं अ‍ॅमस्टरडॅम डिक्लेरेशन. १९३३ चा मॅनिफेस्टो मुद्दाम पूर्ण वाचून घ्यायचाय, कारण त्यावर सह्या करणाऱ्यांत बरेच युनिटेरियन धर्मोपदेशक होते आणि तो स्वतःला धार्मिक मानवतावाद म्हणवतो. मुलांनी केलेले दोन कप्पे तिथे कोलमडतात, आणि ते कोलमडायलाच हवेत.

बौद्ध आणि जैन पेपर बघणाऱ्यांना एक खास विनंती. जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत म्हणून या परंपरांना मानवतावादाच्या गटात टाकायचा मोह होईल, तो टाळूया. त्या त्यांच्या जागीच राहतील, फक्त ईश्वर न मानणं आणि धर्म न मानणं यातला फरक तुमच्या लेक्चरमध्ये यावा.

"हा धर्माचा विभाग आहे" हा आक्षेप येणार हे माहितीये. पण निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये लँकेस्टरला विभाग सुरू केला, त्यांनीसुद्धा आपल्या मांडणीत धर्माबाहेरच्या विचारसरणी घेतल्याच होत्या, आणि त्यांची विधी, कथा, अनुभव, नीती ही परिमाणं आपण आजही शिकवतो. तीच परिमाणं त्या आजोबांच्या अंत्यविधीला लावून बघा, किती काय काय सापडतं. शिवाय हा प्रचार नाही, मानवतावादालाही आपण तितकेच अवघड प्रश्न विचारणार आहोत, उदाहरणार्थ सगळ्या माणसांची प्रतिष्ठा सारखी हे तुम्ही कशाच्या बळावर म्हणता?

वेळेचं गणित असं, नवीन धार्मिक चळवळींचे दोन आठवडे एकात बसवलेत आणि "चिकित्सा"चं लेक्चर या भागात विलीन केलंय, त्यामुळे कुठल्याही धर्माचा आठवडा कमी होत नाही. फील्डवर्कच्या फॉर्मवर पहिला रकाना आता "परंपरा किंवा जीवनदृष्टी" आणि दुसरा "ठिकाण" असा केलाय. परीक्षेत या भागावर एक प्रश्न असेल, पर्यायासह. कोणालाही स्वतः काय मानता हे सांगायची सक्ती नाही, विद्यार्थ्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही.

शुक्रवारपर्यंत मसुद्यावरच कमेंट टाका, विरोध असेल तर कुठल्या आठवड्याला आणि का तेवढं लिहा. चार्वाकांचा तास कोणाला घ्यायचा असेल तर आधी सांगा, नाहीतर मी घेते. सोमवारच्या मीटिंगला आधी फॉर्म बघू, मग बाकीचं.