मराठी कंटेंट रायटर पदासाठी अर्ज

वाई, जि. सातारा
दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. संपादक, मराठी विभाग
पुणे कार्यालय

विषय : आरोग्य विभागासाठी मराठी कंटेंट रायटर पदाचा अर्ज

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळाच्या आरोग्य विभागासाठी मराठी कंटेंट रायटर हवा असल्याची जाहिरात वाचली. या पदासाठी मी अर्ज करत आहे. 2013 पासून मी वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. आणि त्यानंतर बी.एड. असे माझे शिक्षण झाले आहे.

वाचणारा नेमका कुठे अडतो, हे मी वर्गात रोज समोर पाहते. प्रकाशसंश्लेषण शिकवून झाले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, ‘मॅडम, म्हणजे झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असंच ना?’ खरे तर श्वसन चोवीस तास चालते. हा गैरसमज ‘दिवसा’ आणि ‘रात्री’ हे शब्द एकाच वाक्यात समोरासमोर ठेवल्यामुळे होतो. म्हणून माझ्या टिपणांत श्वसनाचे वाक्य आधी आणि स्वतंत्र येते, प्रकाशसंश्लेषण त्यानंतर. आरोग्याविषयी लिहिताना तर हे फार जपावे लागते. तिथे वाक्य चुकले की औषध चुकते.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि फळ्यावरचे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची वेळ आली. समोर मुले नव्हती, अनेक घरांत एकच मोबाइल होता आणि तो बहुधा आई किंवा आजीच्या हातात असे. त्या काळात मी मोबाइलच्या पडद्यासाठी लिहायला शिकले : मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत, परिच्छेद आखूड, एका वाक्यात एकच सूचना. शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही पालकांच्या गटासाठी पावसाळी आजार, लोहाच्या गोळ्या, मुलींची मासिक पाळी अशा विषयांवर लिहीत राहिले. सर्व मजकूर गावच्या आरोग्यसेविकेकडून तपासून घेतला.

त्यातला एक नमुना देते. जलसंजीवनीच्या पाकिटाविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रकातले वाक्य असे होते : ‘सदर द्रावण तयार करणेकामी एक लिटर निर्जंतुक पेयजलाचा वापर करण्यात यावा.’ मी पालकांना पाठवलेला मजकूर असा : ‘एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात पाकीट पूर्ण रिकामे करा. थोडी पूड आज, थोडी उद्या असे करू नका. तयार पाणी 24 तासांत संपवा, उरले तर ओतून द्या.’ मूळ वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. पण ‘करण्यात यावा’ म्हटले की ते कोणी करायचे, हे कळत नाही. शिवाय पाकीट थोडे थोडे वापरले तर मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते, हा सगळ्यात मोठा धोका त्यात आलेलाच नव्हता.

शुद्धलेखनाबाबत मी काटेकोर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आणि राज्य शासनाचा वर्णमाला व लिपीविषयक निर्णय माझ्या रोजच्या वापरात आहेत. शाळेच्या वार्षिक अंकाचे मुद्रितशोधन अनेक वर्षे माझ्याकडे आहे. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकावर वेगाने टंकलेखन करते. इंग्रजी वैद्यकीय मजकूर वाचून त्याचा आशय थेट मराठीत मांडते, शब्दाला शब्द ठेवत नाही.

आपल्या संकेतस्थळावरचे बाळाच्या आहारावरचे लेख मी बारकाईने वाचले. माहिती चांगली आहे, पण ‘पूरक आहार’ हे शीर्षक घेऊन वाचक शोध घेईल असे मला वाटत नाही. आई गुगलवर ‘सहा महिन्यांच्या बाळाला काय खायला द्यावे’ असे टाकते. शीर्षक आणि पहिली ओळ तिच्या शब्दांत असावी, वैद्यकीय संज्ञा दुसऱ्या ओळीत यावी. असा एक लेख मी नव्या मांडणीसह सोबत जोडला आहे.

शिकवणे मला मनापासून आवडते. आता तेच काम लेखणीने, वर्गाबाहेरच्या वाचकांसाठी आणि पूर्ण वेळ करायचे आहे, म्हणून हा बदल विचारपूर्वक ठरवला आहे. शाळेला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि दहावीचा अभ्यासक्रम मला अर्धवट सोडायचा नाही. जानेवारीअखेर आपला निर्णय कळला, तर मी 1 मे रोजी रुजू होऊ शकते. तोपर्यंत आपण द्याल त्या विषयावर चाचणी लेख लिहून देण्यास तयार आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही शनिवारी दुपारनंतर पुण्यात येऊ शकेन.

आपली विश्वासू,
मीनल जाधव

सोबत : परिचयपत्र, पालकांसाठी लिहिलेले दोन लेख, बाळाच्या आहारावरील लेखाची नवी मांडणी