कंपन्या व संस्थांसाठी सणासुदीच्या मिठाईचे दरपत्रक : गणेशोत्सव ते दिवाळी २०२६

मंगळवार पेठ, कोल्हापूर

मनुष्यबळ व खरेदी विभागांस सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहती, शिवाजी उद्यमनगरातील कारखाने, तसेच शहरातील बँका, पतसंस्था व कार्यालये यांच्यासाठी हे दरपत्रक तयार केले आहे. यातील दर १ ऑगस्ट ते ८ नोव्हेंबर २०२६ या काळासाठी असून, मागणी एकदा निश्चित झाल्यावर काजू किंवा तुपाचा बाजारभाव वाढला तरी त्या मागणीचा दर वाढवला जाणार नाही.

या यादीत खव्याची बर्फी व पेढे नाहीत. दुकानात आम्ही ते रोज विकतो, परंतु कंपनीच्या वाटपासाठी देत नाही. तीन वर्षांपूर्वी एका कारखान्यात शनिवारी दुपारी पोचवलेली बर्फी मधल्या सुट्टीमुळे रात्रपाळीच्या कामगारांच्या हाती मंगळवारी पडली आणि तोपर्यंत तिला आंबूस वास सुटला होता. दोष कारखान्याचा नव्हता. माल नेमका कधी वाटला जाणार, हे विचारायला आम्हीच हवे होते. तेव्हापासून, दारात उतरवलेला माल तीन पाळ्यांत वाटून घरी जाईपर्यंत आणि घरी चार दिवस डब्यात राहूनही चांगला राहील, असेच पदार्थ आम्ही बॉक्ससाठी निवडतो.

बॉक्स आणि त्यांचे दर

खाली दिलेले वजन केवळ पदार्थांचे आहे. बॉक्सचे वजन त्यात धरलेले नाही. दरांवर ५ टक्के जीएसटी वेगळा आकारला जाईल.

फराळ बॉक्स, ५०० ग्रॅम, २६० रुपये. यात साजूक तुपातील बेसनाचे पाच लाडू (२०० ग्रॅम), शंकरपाळी (१५० ग्रॅम) आणि पातळ पोह्यांचा चिवडा (१५० ग्रॅम) असतो. सर्व कामगारांना एकसारखी भेट द्यायची असेल, तर आमच्या मते हाच बॉक्स योग्य ठरतो, कारण घरात लहानथोर सगळ्यांना त्यातले काहीतरी आवडतेच. लाडवाचे बेसन जाडसर दळून घेतले जाते आणि मंद आचेवर, तूप सुटून रंग बदामी होईपर्यंत भाजले जाते. आच वाढवून वेळ वाचवला की लाडू टाळूला चिकटतो आणि कच्चट लागतो. प्रत्येक लाडू काट्यावर ४० ग्रॅमचा तोलून वळला जातो, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा बॉक्स मोठा आणि आपला लहान, अशी कुरकूर राहत नाही.

काजूकतली बॉक्स, ६९० ग्रॅम, ५५० रुपये. यात काजूकतली (२५० ग्रॅम), बेसनाचे सहा लाडू (२४० ग्रॅम) आणि लसूण घातलेला खमंग भडंग (२०० ग्रॅम) असतो. कतलीत काजू व साखर यांखेरीज शेंगदाण्याची पूड किंवा मैदा नसतो आणि तिच्यावर वर्ख लावला जात नाही.

गूळ पेटी, १ किलो १५० ग्रॅम, ४५० रुपये. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पाठवायची भेट कोल्हापूरची आहे हे पेटी उघडताच कळावे, अशी मागणी दरवर्षी होत असल्याने ही पेटी तयार केली. यात गुळातले डिंकाचे लाडू (२५० ग्रॅम), शेंगदाण्याची चिक्की (२०० ग्रॅम), गुळाची शंकरपाळी (२०० ग्रॅम) आणि गुळाची अर्धा किलोची छोटी ढेप असते. गूळ आम्ही शाहू मार्केट यार्डातून स्वतः पाहून घेतो. तो फिक्कट पिवळा नसून तांबूस असतो. हा रंग पाहून काहींना माल जुना वाटतो, म्हणून पेटीत तशी चिठ्ठी ठेवली जाते.

खास पेटी, १ किलो १०० ग्रॅम, १,२५० रुपये. काजूकतली (४०० ग्रॅम), डिंकाचे लाडू (३०० ग्रॅम) आणि खारे काजू-बदाम (४०० ग्रॅम) पुन्हा वापरता येईल अशा पत्र्याच्या डब्यात दिले जातात. ही पेटी संचालक मंडळ, मोठे ग्राहक आणि पुरवठादार यांच्यासाठी आहे.

गणेशोत्सवासाठी तळणीच्या मोदकांचा ११ नगांचा डबा २४० रुपयांना मिळेल.

सवलत, छपाई व कर

किमान मागणी २५ बॉक्सची आहे. एकाच प्रकारचे १०० किंवा अधिक बॉक्स घेतल्यास ४ टक्के, ३०० किंवा अधिक घेतल्यास ७ टक्के आणि ६०० किंवा अधिक घेतल्यास १० टक्के सवलत मिळेल. कंपनीचे नाव व बोधचिन्ह छापलेली पट्टी हवी असल्यास प्रतिबॉक्स ६ रुपये जादा पडतील आणि त्यासाठी किमान २०० बॉक्सची मागणी लागेल.

उदाहरणार्थ, छपाईविना ४२० फराळ बॉक्सची मूळ किंमत १,०९,२०० रुपये होते. त्यातून ७ टक्क्यांचे ७,६४४ रुपये वजा होऊन १,०१,५५६ रुपये उरतात आणि त्यावर ५,०७७ रुपये ८० पैसे जीएसटी धरून एकूण बिल १,०६,६३३ रुपये ८० पैसे होते. भेट म्हणून वाटलेल्या मालावरील इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार घेता येत नाही, त्यामुळे मंजुरीच्या टिपणीत करासहितचा आकडाच धरावा, असे आम्ही सुचवतो.

मागणीच्या तारखा व टिकण्याची मुदत

गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला असून तिची मागणी २९ ऑगस्टपर्यंत, दसरा २० ऑक्टोबरला असून त्याची मागणी ५ ऑक्टोबरपर्यंत आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्याने दिवाळीची मागणी १७ ऑक्टोबरपर्यंत नोंदवावी. आमच्या भट्टीवर दिवसाला ३५० बॉक्सचाच माल नीट होतो. दिवाळीचा माल २९ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या आठ दिवसांत पोचवला जात असल्याने २,८०० बॉक्सची नोंद पूर्ण झाली की तारखेआधीही मागणी घेणे थांबवले जाईल. जास्त मागणी घेऊन बाहेरून माल आणून भरणे आम्ही करत नाही.

काजूकतली १२ दिवस, बेसन व डिंकाचे लाडू २० दिवस आणि चिवडा, भडंग, शंकरपाळी, चिक्की व खारे काजू-बदाम ३० दिवस टिकतात. बॉक्समध्ये जो पदार्थ सर्वांत कमी टिकतो, त्याचीच मुदत बॉक्सवर छापली जाते. मागणी नोंदवताना माल उतरवण्याची तारीखच नव्हे, तर प्रत्यक्ष वाटपाचा दिवस आणि आपली साप्ताहिक सुट्टीही कळवावी, म्हणजे माल त्याच्या आदल्या दिवशी पोचवता येईल.

पोच व रक्कम

१०० बॉक्सच्या पुढे शहरात, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथे पोच विनामूल्य आहे. इचलकरंजीसाठी प्रतिफेरी ९०० रुपये आणि सांगली-मिरजेसाठी १,८०० रुपये आकारले जातील. मागणीसोबत निम्मी रक्कम आणि उरलेली पोच होण्यापूर्वी द्यावी. रीतसर खरेदी आदेश देणाऱ्या संस्थांना बिलानंतर १५ दिवसांची मुदत मिळेल. चव पाहण्यासाठी फराळ बॉक्स व काजूकतली बॉक्स मूळ दराने मिळतील आणि मागणी दिल्यास ती रक्कम बिलातून वजा होईल.

प्रत्येक १०० बॉक्समागे एक बॉक्स जादा पाठवला जातो, कारण वाटपाच्या दिवशी एखादे नाव यादीतून राहिलेले असतेच. दबलेला, फुटलेला किंवा वजनात कमी भरलेला बॉक्स आढळल्यास २४ तासांच्या आत दुकानात कळवावे. तो बदलून दिला जाईल आणि त्याचे भाडे आकारले जाणार नाही.