शनिवारच्या ऑडिट प्रेझेंटेशनसाठी प्रश्न

एम.कॉम. भाग २, तिन्ही गटांसाठी

प्रत्येक गटाला बोलायला वीस मिनिटं आणि प्रश्नोत्तरांना पंधरा. प्रश्न आधीच देतोय, कारण कुणाला कोंडीत पकडायचं नाही. घरी वाद घालून या आणि वर्गात एकमेकांना अडवा. पाठ केलेल्या व्याख्या नकोत. कुठल्याही पुराव्याबद्दल बोलाल तेव्हा एवढं मात्र सांगायचंच: हा कागद ऑडिटरपर्यंत कुणाच्या हातून आला?

तिन्ही गटांना प्रकरण एकच, सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दिसत होती. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. नसलेल्या पैशांवर ३७६ कोटींचं येणं व्याजही दाखवलेलं होतं. त्या तिमाहीचं उत्पन्न २,७०० कोटी दाखवलं, पत्रानुसार खरं २,११२ कोटी. हे आकडे वहीत लिहून ठेवा, खाली लागतील.

गट १: सँपलिंग

१. सत्यमपासूनच सुरुवात करू. समजा ऑडिटरने विक्रीची बिलं अगदी शास्त्रशुद्ध, यादृच्छिक पद्धतीने निवडली. पण बिलांची यादी कंपनीनेच दिली, प्रत्येक बिलामागचा कागदही कंपनीच्याच संगणकातून आला. नमुना ६० वरून ६०० केला तर खात्री किती वाढेल? नमुन्यातली जोखीम आणि नमुन्याशी संबंध नसलेली जोखीम यांतला फरक याच उदाहरणावर समजावा.

२. शंभरातली दोन बिलं चुकीची आहेत असं धरा. बिलं हजारो आहेत, तुम्ही ६० तपासलीत. एकही चूक न सापडण्याची शक्यता किती? ०.९८ चा साठावा घात काढा, उत्तर जवळपास ३० टक्के येतं. आता सांगा, ‘नमुन्यात चूक आढळली नाही’ या वाक्यावरून किती बोलता येतं आणि किती नाही?

३. शिरोली एमआयडीसीतल्या एका काल्पनिक फाउंड्रीचं गणित. ग्राहकांकडून येणं ४ कोटी. मोठ्या रकमांची सगळी बिलं, एकूण २ कोटी २० लाखांची, तपासली आणि चूक ४० हजारांची निघाली. उरलेल्या १ कोटी ८० लाखांच्या लहान बिलांपैकी १८ लाखांची नमुना म्हणून घेतली, त्यांत चूक २७ हजारांची. मटेरियालिटी ३ लाख ठरली आहे. दोन्ही चुकांची नुसती बेरीज केली तर ६७ हजार, म्हणजे निश्चिंत. ही बेरीज का चालत नाही? लहान बिलांतली चूक पूर्ण गटाला लावून पाहा आणि मग ठरवा. ‘ती चूक अपवादात्मक होती, क्लार्क नवीन होता,’ असं अकाउंटंट म्हणाला, तर एसए ५३० प्रमाणे तुम्ही आणखी काय तपासाल?

४. एप्रिल आणि डिसेंबर असे दोन पूर्ण महिने तपासले आणि झालं. या पद्धतीत काय निसटतं? २८ मार्च ते ३ एप्रिल या आठवड्याचा विचार करून बोला.

या गटासाठी माझा एक अनुभव. आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मी एका संस्थेत खर्चाची व्हाउचर्स तपासायला बसलो. तिथल्या अकाउंटंटनी ‘साहेबांचा वेळ वाचवायला’ फाईल काढून ठेवली होती. चहा आला, मी तीच फाईल टिक केली आणि संध्याकाळी नमुना तपासला असं लिहून दिलं. निवड त्यांनी केली होती, सही माझी होती. सिनियरनी दुसऱ्या दिवशी मला परत पाठवलं आणि खातेवहीतून स्वतः आकडे निवडून व्हाउचर मागायला लावलं. तीन व्हाउचर्स सापडलीच नाहीत. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘नमुना निवडला’ असं वाक्य आलं, की मी लगेच विचारणार: कुणी निवडला?

गट २: स्वातंत्र्य

५. ऑडिटरच्या पत्नीकडे त्याच कंपनीचे १० रुपये दर्शनी किमतीचे ८,००० शेअर्स आहेत. बाजारभाव ९०० रुपये. कंपनी कायदा २०१३, कलम १४१ आणि त्याखालचे नियम नातेवाइकाला दर्शनी किमतीने १ लाखापर्यंत सूट देतात, म्हणजे हे ८० हजार बसतात. पण घरात ७२ लाख अडकलेले आहेत. हा ऑडिटर कायद्याने पात्र आहे. तो मनाने स्वतंत्र राहील का? आणि राहिला, तरी बाहेरच्या गुंतवणूकदाराला तसं वाटेल का? दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, घाबरू नका.

६. कलम १४४ ऑडिटरला त्याच कंपनीची हिशेब लेखनाची, अंतर्गत लेखापरीक्षणाची आणि आणखी काही कामं करू देत नाही. गावातला छोटा कारखानदार म्हणतो, ‘सर, तुम्हीच टॅलीत एन्ट्र्या करा आणि तुम्हीच सही करा, दोन माणसं कुठून परवडणार?’ त्याची अडचण खरी आहे. त्याला न दुखावता काय सांगाल? उत्तर त्याला कळेल अशा भाषेत हवं.

७. कलम १३९ नुसार सूचीबद्ध कंपनीत ऑडिट फर्म सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच कालावधींपर्यंत राहू शकते, मग पाच वर्षं थांबावं लागतं. नवी फर्म पहिल्या वर्षी धंदा ओळखत नसते. जुनी फर्म माणसांना फार ओळखत असते. तुम्हाला कशाची भीती जास्त वाटते? बाजू घ्या. ‘दोन्ही महत्त्वाचे’ हे उत्तर मी घेणार नाही.

८. फी सर्वसाधारण सभा ठरवते, पण पैसे कंपनीच्याच खात्यातून येतात. यावर उपाय सुचवा, आणि त्या उपायातही पैसा कुणाच्या हातून येईल ते सांगा.

गट ३: हिशेब विश्वासार्ह आहेत हे ठरतं कसं?

९. अमेरिकेच्या एसईसीने एप्रिल २०११ मध्ये सत्यमच्या ऑडिटर फर्म्सवर कारवाई केली. बँक शिल्लकेची खात्रीपत्रं पाठवणं आणि परत मिळवणं यावर ऑडिटरने ताबा ठेवला नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप. एसए ५०५ प्रमाणे पत्र पाठवण्यापासून उत्तर हाती येईपर्यंतचा प्रवास फळ्यावर काढा. कोणत्या ठिकाणी कंपनीचा हात लागला, की पुरावा दुबळा होतो?

१०. समजा खात्रीपत्रं थेट बँकेकडून आलीच नाहीत. तरीही शंका यायला हवी होती का? वरचे आकडे घ्या. एवढी रोख असलेल्या कंपनीने त्या पैशांचं काय केलं असतं? मिळालेलं व्याज, शिल्लक आणि बँकेचा दर एकमेकांशी जुळतात का, हे कसं तपासाल?

११. नेमणूक जूनमध्ये झाली, ३१ मार्चचा साठा तुम्ही पाहिलाच नाही. जूनमध्ये मोजून मागे कसं जाल? तेही जमलं नाही आणि साठा फार मोठा असेल, तर एसए ७०५ खाली कोणता अभिप्राय द्याल आणि का?

१२. अहवालात ‘वाजवी खात्री’ असे शब्द असतात. निवृत्तीचे पैसे शेअरमध्ये गुंतवलेल्या आजोबांना हे दोन शब्द मराठीत, पाच वाक्यांत समजावा. शनिवारी हे उत्तर मी सर्वात आधी ऐकणार आहे.